आपल्या माघारी बोलणारी चिन्हं

ईमेलमध्ये दोन मजकूर असे असतात, की ते आपण एकदाच लिहितो आणि मग विसरून जातो. एक म्हणजे प्रत्येक मेलच्या शेवटी आपोआप येऊन बसणारी सही : नाव, हुद्दा, कार्यालय, फोन नंबर. दुसरा म्हणजे रजेवर जाताना लावून ठेवलेलं उत्तर, ज्याला सगळी कार्यालयं ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणतात. बाकी मेल आपण कुणाला तरी उद्देशून, कशाच्या तरी संदर्भात लिहितो. या दोन मजकुरांना मात्र कुणी ठरावीक वाचक नसतो. लिहिताना समोर कुणीच नसतं आणि नंतर जो कुणी समोर येईल त्याच्या हातात ते पडतात. अलीकडे या दोन्ही जागी इमोजी दिसू लागले आहेत. फोन नंबराच्या आधी रिसीव्हरचं चित्र, नावानंतर हसरा चेहरा किंवा जोडलेले हात, रजेच्या उत्तरात नारळाचं झाड आणि गॉगल घातलेला चेहरा. हे चांगलं दिसतं की वाईट, व्यावसायिक वाटतं की बालिश, असा वाद बहुतेक वेळा आवडीनिवडीच्या पातळीवरच राहतो. त्याच्या खाली एक जास्त नेमका प्रश्न आहे : इमोजीला अर्थ येतो कुठून? तो समजला की या दोन जागांचा निर्णय बराच सोपा होतो.

सुरुवात १९८२ सालापासून करावी लागते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ एकमेकांशी संगणकावरच्या सामाईक सूचनाफलकावर लिहून बोलत असत. तिथे एखाद्याने गमतीने काही लिहावं, दुसऱ्याने ते खरं धरावं आणि मग त्यावर लांबलचक वाद व्हावा, असं वारंवार होई. त्या वर्षीच्या १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोदाने लिहिलेल्या मजकुरापुढे :-) अशी खूण करावी, आणि जिथे विनोद नाही तिथे :-( अशी. आजच्या हसऱ्या चेहऱ्याचा हा पूर्वज. त्याचं काम सजावटीचं नव्हतं. नुकतंच लिहिलेलं हे विशिष्ट वाक्य कोणत्या सुरात वाचायचं, एवढंच तो सांगत होता. ‘तुझा प्रोग्रॅम भयंकर आहे’ या वाक्यापुढे ती खूण आली की वाक्य बदलतं. वाक्यच नसेल तर त्या खुणेला बदलण्यासारखं काही उरत नाही.

तेरा वर्षांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक अधिकृत टिपणी निघाली. आरएफसी १८५५ या क्रमांकाने ती ओळखली जाते आणि इंटेल कंपनीत काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी ती संकलित केली. त्या काळी मेल पाठवायला आणि उतरवून घ्यायला पैसे पडत, म्हणून सही चार ओळींपेक्षा मोठी नको, असा तिच्यात सल्ला आहे. त्याच टिपणीत हसऱ्या खुणांबद्दलही लिहिलं आहे : सूर दाखवण्यासाठी त्या वापराव्यात, पण बेताने, आणि एखादी खूण टाकली म्हणजे आधीचं अपमानास्पद वाक्य पुसलं जाईल असं समजू नये. सही आणि सुराची खूण या दोन गोष्टींना तिथे वेगवेगळी कामं दिली आहेत. सही म्हणजे मी कोण आणि कुठे सापडेन. खूण म्हणजे हे वाक्य कसं ऐकावं. पुढे इमोजी आले आणि ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळली.

मिसळण्याला कारणही होतं. जपानमध्ये १९९९ साली एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रचिन्हांचा संच तयार केला. एकेक चिन्ह अवघ्या १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेलं होतं. त्यात भावना दाखवणारी चिन्हं होती, पण त्याहून कितीतरी जास्त माहितीची होती : ऊन, पाऊस, रेल्वे, फोन. म्हणजे इमोजीच्या घराण्यात पहिल्यापासून दोन शाखा आहेत, एक भाव सांगणारी आणि एक वस्तू दाखवणारी. मेलच्या सहीत दोन्ही शिरतात. फोन नंबराआधीचं 📞 हे वस्तूचं चिन्ह आहे, नावापुढचं 😊 हे भावाचं. दोन्हींची अडचण वेगळी आहे, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करायला हवा.

वस्तूंच्या चिन्हांची अडचण तांत्रिक आहे आणि ती इमोजीपेक्षा जुनी आहे. ज्यांनी २००० नंतरच्या दशकात कार्यालयीन मेल वाचले आहेत, त्यांना वाक्याच्या शेवटी उगाचच आलेलं J हे अक्षर आठवत असेल. ‘उद्या भेटू J’ असं कुणी का लिहावं, हे कळत नसे. पाठवणाऱ्याने :-) असंच टाइप केलेलं असे. आउटलुक त्याचं आपोआप हसऱ्या चेहऱ्यात रूपांतर करी, पण तो चेहरा ‘विंगडिंग्ज’ या चित्रांच्या फॉन्टमधला असे, आणि त्या फॉन्टमध्ये चेहऱ्याची जागा J या अक्षराला दिलेली आहे. वाचणाऱ्याच्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की चेहरा नाहीसा होऊन नुसतं अक्षर उरे. सहीच्या तळाशी ‘हा मेल छापण्याआधी पर्यावरणाचा विचार करा’ अशी ओळ आणि तिच्यापुढे हिरव्या रंगाचा एकटाच P, हेही त्याच जातीचं. ‘वेबडिंग्ज’ फॉन्टमध्ये P च्या जागी झाडाचं चित्र आहे. झाड गेलं, हिरवा P राहिला. अशी सही वर्षानुवर्षं जात राहिली, तरी पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता नसे, कारण त्याच्या स्वतःच्या पडद्यावर झाड ठीक दिसत असे.

आता ही अडचण संपली, असं कुणी म्हणेल. ऑक्टोबर २०१० मध्ये यूनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत इमोजींना अधिकृत जागा मिळाली, तेव्हापासून ते फॉन्टच्या कोपऱ्यातली चित्रं न राहता अक्षरांइतकेच नियमित झाले. हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण पूर्ण नाही. यूनिकोड फक्त क्रमांक देतं. चित्र काढायचं काम यंत्र बनवणाऱ्याचं. ठळक उदाहरण झेंड्याचं आहे. परदेशी ग्राहकांशी काम करणारे अनेक जण सहीत पत्त्यापुढे तिरंगा लावतात. देशांचे झेंडे दोन विशेष अक्षरांच्या जोडीने साकारतात आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या इमोजींमध्ये देशांच्या झेंड्यांची चित्रं दिलेली नाहीत. त्यामुळे मोबाइलवर डौलाने दिसणारा तिरंगा विंडोजवरच्या आउटलुकमध्ये IN अशी दोन अक्षरं होऊन बसतो. कार्यालयांतले बहुतेक संगणक विंडोजचेच असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी झेंडा लावला त्यांनाच तो दिसत नाही. नवीन इमोजींचंही तसंच. दिवाळीत सगळीकडे दिसणारी पणती 🪔 यूनिकोडमध्ये २०१९ साली आली. त्याआधीचं आणि नंतर अद्ययावत न केलेलं यंत्र तिच्या जागी रिकामी चौकट दाखवतं.

दृष्टिहीन वाचकांचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इमोजी गाळत नाही, त्याचं नाव उच्चारतं. 📍 या चिन्हाचं इंग्रजी नाव ‘गोल टाचणी’ अशा अर्थाचं आहे. तेव्हा तीन चिन्हांनी सजवलेली सही कानाला अशी येते : टेलिफोन रिसीव्हर, मग दहा आकडे, लिफाफा, मग ईमेलचा पत्ता, गोल टाचणी, मग कार्यालयाचा पत्ता. एकदा ऐकायला हरकत नाही. पण सही प्रत्येक उत्तराखाली पुन्हा येते, आणि दहा उत्तरांची साखळी ऐकताना ही यादी दहा वेळा ऐकावी लागते. ‘फोन’ हा दोन अक्षरांचा शब्द हे सगळं टाळतो, सगळ्या यंत्रांवर सारखा दिसतो आणि कुणालाही कळतो. वस्तूंच्या चिन्हांबद्दल त्यामुळे फार चर्चा करायचं कारण नाही. शब्दापेक्षा ती काहीच जास्त सांगत नाहीत आणि बिघडण्याची शक्यता मात्र सोबत आणतात.

भावाच्या चिन्हांचा प्रश्न खरा अवघड आहे, कारण तिथे बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे. लिहिलेलं वाक्य बोललेल्यापेक्षा कोरडं वाटतं, आणि कार्यालयीन मेल तर आणखीच. सहीपाशी एक हसू असलं तर तेवढाच ओलावा येईल, अशी भावना त्यामागे असते. ही भावना प्रामाणिक आहे, आणि ती किती खरी ठरते हे तपासलंही गेलं आहे. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या एला ग्लिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात २९ देशांतल्या ५४९ जणांवर प्रयोग केले होते. अनोळखी व्यक्तीकडून आलेला कामाचा मेल त्यांना वाचायला दिला. काहींच्या मेलमध्ये हसरी खूण होती, काहींच्या मेलमध्ये नव्हती. मग पाठवणारी व्यक्ती किती आपुलकीची वाटते आणि किती कर्तबगार वाटते, हे विचारलं. हसऱ्या माणसाचा फोटो पाहिला की आपल्याला तो माणूस आपुलकीचाही वाटतो आणि कर्तबगारही. हसऱ्या खुणेने मात्र आपुलकी वाढली नाही, आणि कर्तबगारीचा अंदाज उलट घसरला. याहून लक्ष देण्यासारखी गोष्ट पुढे आहे. अशा मेलला उत्तर लिहायला सांगितलं, तेव्हा खूण नसलेल्या मेलला लोकांनी जास्त तपशीलवार उत्तरं दिली. म्हणजे नुकसान केवळ प्रतिमेचं नाही, मिळणाऱ्या माहितीचंही आहे.

या संशोधनाच्या मर्यादाही बघायला हव्यात, कारण इमोजीविरोधक ते हातात घेऊन जरा जास्तच ताणतात. प्रयोग पहिल्या ओळखीवर होते, रोजच्या सहकाऱ्यांवर नव्हते. आणि खुद्द संशोधकांनाच आढळलं, की प्रसंग जितका औपचारिक तितका हा परिणाम दिसतो. अनौपचारिक प्रसंगात चित्र पालटतं. परिणामाचं मूळ त्यांना योग्यायोग्यतेच्या जाणिवेत सापडलं, म्हणजे ही खूण या जागी शोभते का, असा वाचणारा नकळत विचार करतो. तेव्हा इमोजी वापरला की माणूस मूर्ख दिसतो, असा निष्कर्ष या संशोधनातून निघत नाही. त्याच खुणेचा परिणाम समोर कोण आहे आणि प्रसंग कोणता यावर फिरतो, एवढाच निघतो. सहीच्या बाबतीत तोच निर्णायक आहे. वाक्यात इमोजी टाकताना समोर कोण आहे हे आपल्याला माहीत असतं. सहीत टाकताना ते माहीत नसतं आणि पुढेही कळणार नसतं. बँकेचा अधिकारी, पहिल्यांदाच लिहिणारा ग्राहक, तक्रार घेऊन आलेला पालक, जुना मित्र, या सगळ्यांना तोच चेहरा जातो.

इमोजीचा अर्थ दोघांच्या व्यवहारातून येतो, हे एका न्यायालयानेही तपशिलात जाऊन पाहिलं आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये एका धान्य खरेदी कंपनीच्या माणसाने जवस खरेदीच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवा, असं लिहिलं. शेतकऱ्याने उत्तरादाखल 👍 पाठवला. पुढे जवसाचे भाव वाढले, माल आला नाही आणि कंपनी न्यायालयात गेली. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठ्याचा अर्थ ‘मेसेज मिळाला’ एवढाच होता. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो अंगठा सही म्हणून ग्राह्य धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. बातम्यांमधून लोकांना ‘अंगठा म्हणजे सही’ एवढंच कळलं. निकालातला विचार मात्र वेगळा आहे. न्यायाधीशांनी या दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वीही असेच करार मोबाइलवर आले होते, शेतकऱ्याने ‘ओके’, ‘ठीक आहे’ अशा एकदोन शब्दांत होकार दिला होता आणि माल पोचताही केला होता. त्या साखळीत हा अंगठा त्याच शब्दांच्या जागी आला, म्हणून तो होकार ठरला. हाच अंगठा एखाद्या अनोळखी माणसाने पाठवला असता, तर त्याचा अर्थ लावायला न्यायालयाच्या हाती काहीच नसतं.

मराठी माणसाला हे समजायला कॅनडात जावं लागत नाही. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर 💐 हा पुष्पगुच्छ वाढदिवसालाही येतो आणि निधनाच्या बातमीखालीही. 🙏 तर त्याहून लवचीक आहे. सकाळचा नमस्कार, आभार, माफी, विनवणी, श्रद्धांजली, वाद पुरे झाला आता, या सगळ्यांना तेच जोडलेले हात. यातून गोंधळ होत नाही, कारण वर काय लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या शब्दांनंतरचा पुष्पगुच्छ कुणी अभिनंदनाचा समजत नाही. आता हेच हात सहीत कायमचे बसवले तर काय होईल? ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ या वाक्याखाली ते येतील, ‘रक्कम जमा झाली’ याच्याखालीही आणि ‘तिसऱ्यांदा आठवण करून देत आहे’ याच्याखालीही. पहिल्या ठिकाणी ते क्षमायाचना वाटतील, किंवा विषय संपला असं सांगणारे. तिसऱ्या ठिकाणी ते सरळ टोमणा वाटतील. पाठवणाऱ्याच्या मनात यातलं काहीच नव्हतं. त्याने दोन वर्षांपूर्वी नमस्कार म्हणून ते लावले होते.

रजेच्या उत्तरात हीच गोष्ट आणखी तीव्र होते. सहीच्या वर निदान आपण लिहिलेला मजकूर तरी असतो. रजेच्या उत्तराच्या वर असतो तो समोरच्याचा मजकूर, आणि तो आपण वाचलेलाच नसतो. एक प्रसंग तपशिलात घेऊन पाहू. समजा, पुण्यातल्या एका विमा कंपनीच्या दावे विभागातल्या अधिकारी बाई दिवाळीला गावी निघाल्या आहेत. निघायच्या घाईत त्यांनी उत्तर लावलं : ‘नमस्कार! मी ८ ते ११ नोव्हेंबर दिवाळीच्या सुट्टीवर आहे 🪔✨ परत आल्यावर नक्की उत्तर देईन 😊’ यात वावगं काय आहे? पाठवणारी व्यक्ती मोकळ्या स्वभावाची आहे, सण आहे, तारखा स्पष्ट आहेत. पहिला मेल शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याचा येतो. तो उत्तर वाचून हसतो, कदाचित त्यालाही बरं वाटतं. दुसरा मेल एका वाहन सर्व्हेअरचा आहे. अपघातातली गाडी गॅरेजमध्ये उभी आहे आणि दुरुस्तीला मंजुरी हवी आहे. त्याला पणतीशी देणंघेणं नाही. पण या चार दिवसांत मंजुरी कुणाकडून घ्यायची हे त्याला हवं होतं आणि तेच उत्तरात नाही. सजावटीला दोन ठिकाणी जागा मिळाली, पर्यायी माणसाच्या नावाला मिळाली नाही. ही चूक इमोजीने केली असं म्हणता येणार नाही. पण मजकूर शुभेच्छापत्रासारखा झाला की कामाची ओळ विसरायला होते, हे खरं आहे.

तिसरा मेल एका बाईंचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मृत्यूचा दाखला आणि पॉलिसीची प्रत त्यांनी पाठवली आहे आणि अजून कोणते कागद लागतील, असं विचारलं आहे. कुणाकडून तरी लिहून घेतलेला, दोनदा वाचून पाठवलेला मेल. क्षणात उत्तर येतं. पणती, चमचम आणि हसरा चेहरा. त्या घरात यंदा दिवाळी नाही. आणि पणती ही खूण इथे किती वेगळी लागते, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको, कारण माणूस गेल्यावर त्याच्या जागी दिवा लावून ठेवण्याची चाल आपल्या घराघरांत आहे. अधिकारी बाईंनी तो मेल स्वतः वाचला असता, तर असं उत्तर त्यांच्या हातून कधीच गेलं नसतं. त्या उद्धट नाहीत. त्यांच्या जागी उत्तर देणाऱ्या यंत्राला प्रश्न वाचता येत नव्हता, एवढंच. आणि या चुकीचा पत्ता त्यांना लागणारही नाही. दावेदार बाई तक्रार करणार नाहीत. परत आल्यावर मेलच्या ढिगात तो एक मेल असेल, आणि त्याला काय उत्तर गेलं होतं हे बघायला कुणी थांबत नाही.

यावर एक आक्षेप असा, की सगळ्यांना माहीत असतं हे उत्तर यंत्राचं आहे, मग त्याचं इतकं मनावर कोण घेईल? उलट मला वाटतं, याच कारणासाठी तिथे चेहरा नको. आपोआप जाणारी उत्तरं कशी असावीत याचे तांत्रिक नियम आहेत. २००४ च्या आरएफसी ३८३४ नुसार अशा उत्तराच्या माथ्यावर, वाचकाला सहसा न दिसणारी, एक ओळ असावी :

```
Auto-Submitted: auto-replied
```

एका यंत्राच्या उत्तराला दुसऱ्या यंत्राने उत्तर देत बसू नये, म्हणून ही व्यवस्था. त्याच हेतूने एकाच माणसाला पुन्हा पुन्हा उत्तर पाठवायचं नाही असंही ठरलेलं आहे. जीमेल एकाच व्यक्तीला पुन्हा उत्तर देण्याआधी चार दिवस थांबतं. म्हणजे तंत्रज्ञांनी हे उत्तर माणसाच्या बोलण्यात मिसळू नये याची काळजी घेतली आहे. हसरा चेहरा ती काळजी उलटवतो. चेहरा म्हणजे कुणीतरी आपल्याकडे पाहतंय, आपल्या म्हणण्याला प्रतिसाद देतंय, असा संकेत. इथे कुणीच पाहत नसतं. सूचना म्हणून वाचलेला कोरडा मजकूर दुखवत नाही. प्रतिसादाचा आव आणणारा मजकूर प्रसंगाशी विसंगत निघाला की दुखवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्लॅकसारख्या कार्यालयीन गप्पांच्या साधनात रजेवर असल्याची तयार खूण म्हणून 🌴 दिलेली असते आणि हजारो कार्यालयांत ती कुणालाही खटकत नाही. मग मेलनेच एवढं सोवळं का पाळावं? फरक दोन गोष्टींत आहे. स्लॅकवरचं झाड आपल्या नावाशेजारी उभं असतं आणि समोरच्याला ते लिहायच्या आधीच दिसतं. ते कुणाच्या बोलण्याला उत्तर म्हणून येत नाही, दारावरच्या पाटीसारखं असतं. शिवाय ते पाहणारे बहुतेक जण एकाच संस्थेतले असतात आणि झाडाचा अर्थ तिथे रुळलेला असतो. मेलमधलं झाड लिहून झाल्यावर, उत्तराच्या जागी येतं आणि संस्थेबाहेर कुणाकडेही जातं. म्हणूनच संस्थेच्या आतल्या उत्तरात ते ठेवायला माझी हरकत नाही. आउटलुकमध्ये संस्थेतल्या लोकांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र मजकूर लावता येतात. फार लोक दोन्हींत एकच चिकटवतात. आत झाड असू द्या, बाहेर फक्त तारखा आणि पर्यायी पत्ता. जीमेलमध्ये मजकूर एकच असतो, पण तो फक्त आपल्या संपर्कयादीतल्यांना जावा असं बंधन घालता येतं. ते घातलं नसेल, तर मजकूर बाहेरच्या अनोळखी वाचकाला गृहीत धरूनच लिहायला हवा.

तिसरा आक्षेप धंद्याचा. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी चित्रकार, घरी केक बनवून विकणारी उद्योजिका, पर्यटनाच्या सहली नेणारा माणूस, यांच्या सहीत एखादं चित्र असलं तर बिघडलं कुठे? माझ्या मते फारसं नाही. कारण तिथे वाचक अगदीच अनोळखी नसतो. तो कशासाठी लिहितो आहे हे बहुधा ठरलेलं असतं, आणि 🎂 हे केकवालीच्या नावापुढे भाव सांगत नाही, धंदा सांगतं. अट एवढीच, की ते चिन्ह गळून पडलं किंवा चौकट होऊन दिसलं तरी सहीतली माहिती पूर्ण राहिली पाहिजे. मात्र हीच केकवाली चुकलेल्या ऑर्डरबद्दल माफीचा मेल लिहील तेव्हा तिने सहीतला केक काढावा. आउटलुकमध्ये नव्या मेलसाठी एक आणि उत्तरांसाठी दुसरी सही ठेवता येते. उत्तरांची सही नुसती नाव आणि फोनची ठेवली, तर हे दरवेळी लक्षात ठेवावं लागत नाही. वाद, तक्रारी आणि वाईट बातम्या बहुतेक वेळा उत्तरांच्या साखळीतच येतात.

पिढीचा मुद्दाही नेहमी काढला जातो : तरुणांना हे खटकत नाही, अजून दहा वर्षांनी कुणालाच खटकणार नाही. असेलही. रूढी बदलतात, आणि ग्लिक्सन यांच्या प्रयोगातला कर्तबगारीचा फटका उद्या नाहीसा होऊ शकतो. पण मी मांडलेला अडथळा रूढीचा नाही. सगळी माणसं इमोजीला सरावली तरी नामंजुरीच्या पत्राखालचे जोडलेले हात आणि दुखवट्याच्या घरात पोचलेली पणती विसंगतच राहील, कारण ती निवडताना समोरचं वाक्य माहीत नव्हतं. उलट इमोजी जितके सरावाचे होतील, तितका त्यांचा अर्थ लोक जास्त बारकाईने लावतील. पूर्णविरामाचंच बघा. चॅटवर वाढलेल्या मुलांना एका शब्दाच्या उत्तरापुढचा पूर्णविरामसुद्धा तुटक वाटतो. ज्यांना ठिपक्यातही सूर ऐकू येतो, ते चेहऱ्याकडे दुर्लक्ष करणार नाहीत.

अधिकारी बाईंचं उत्तर आता पुन्हा लिहू. ‘नमस्कार. मी ८ ते ११ नोव्हेंबर रजेवर आहे आणि १२ नोव्हेंबरला कामावर येईन. तोवर कोणत्याही दाव्याबाबत विभागाच्या सामाईक पत्त्यावर लिहावं आणि विषयाच्या ओळीत दाव्याचा क्रमांक द्यावा. कागदपत्रं पाठवली असल्यास ती माझ्याकडे पोचली आहेत; पुन्हा पाठवण्याची गरज नाही.’ सामाईक पत्ता खाली स्वतंत्र ओळीत. सर्व्हेअरला मंजुरीचा रस्ता मिळाला. सहकाऱ्याचं काहीच अडलं नाही. त्याला दिवाळीच्या शुभेच्छा हव्या असतील तर त्याच्यासाठी आतला मजकूर आहे, पणतीसकट. आणि त्या तिसऱ्या बाईंना ज्या एका गोष्टीची धास्ती होती, कागद पोचले की नाहीत, तिचं उत्तर शेवटच्या वाक्यात आहे. ओलावा आणायचाच असेल तर तो इथे आणता येतो : वाचणाऱ्याला कशाची काळजी असेल याचा अंदाज घेऊन, ती दूर करणारं एक वाक्य आधीच लिहून ठेवण्यात. बारा तारखेला अधिकारी बाई तो मेल स्वतः उघडतील, वाचतील आणि मग काय लिहायचं, जोडलेले हात टाकायचे की नाही, हे त्या मेलकडे पाहून ठरवतील.